वेळू, मोर आणि कमळ : सोडवलेल्या उदाहरणाकडून नव्या उदाहरणाकडे

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा पाठ)



मुख्याध्यापकांच्या खोलीत वर्षानुवर्षे ऐकू येणारे एक वाक्य आहे. निकाल लागला की पालक येतात, उत्तरपत्रिका समोर ठेवतात आणि म्हणतात, “बाई, घरी याला सगळे येत होते. पुस्तकातली सोडवलेली उदाहरणे तर अगदी कळली होती. पेपरात जरा निराळे आले आणि सगळेच गेले.” यातील पालकही खोटे बोलत नाहीत आणि मूलही खोटे बोलत नाही. सोडवलेले उदाहरण त्याला खरोखरच कळलेले असते. तरीही नवे उदाहरण त्याला सुटत नाही, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्या कशा, आणि त्यावर घरी व वर्गात काय करता येते, एवढाच आजचा विषय आहे. माझे एम. ए. संस्कृतातले, गणित वाट्याला आले ते शिक्षक कमी पडले म्हणून. त्यामुळे मी हा विषय भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वरून मांडते, आणि काशीत बसून ते करण्याला थोडे औचित्यही आहे, ते पुढे ध्यानात येईल.

इ. स. ११५० मध्ये लिहिलेल्या या ग्रंथात काटकोन त्रिकोणाच्या प्रकरणात एक वेळूचे उदाहरण आहे. सपाट जमिनीवर ३२ हात उंचीचा वेळू उभा आहे. वाऱ्याने तो मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. तर तो मुळापासून किती हातांवर मोडला? भास्कराचार्यांची रीत अशी : १६ चा वर्ग करा, २५६. त्याला वेळूच्या लांबीने, म्हणजे ३२ ने भागा, ८ आले. हे ८ त्या ३२ मधून वजा करून निम्मे केले की १२, आणि मिळवून निम्मे केले की २०. वेळू १२ हातांवर मोडला आणि कललेला तुकडा २० हातांचा. ताळा पाहा : १२ चा वर्ग १४४, १६ चा वर्ग २५६, बेरीज ४००, म्हणजे २० चा वर्ग.

आठवी-नववीतले कोणतेही मूल हे वाचताना मान डोलावते. पण मान डोलावताना त्याने नेमके काय केले? प्रत्येक ओळ बरोबर आहे की नाही, हे त्याने तपासले. २५६ भागिले ३२ म्हणजे ८, बरोबर. ३२ वजा ८ म्हणजे २४, बरोबर. मात्र ‘वर्गच का करायचा’, ‘३२ नेच का भागायचे’, ‘निम्मे कशासाठी’ हे निर्णय त्याच्यासाठी दुसऱ्याने आधीच घेऊन ठेवले होते. आपल्याकडे पाहुणा गोदौलियाहून यजमानाच्या मागे गल्ल्यागल्ल्यांतून घाटावर येतो, त्याला वाट सोपी वाटते. दुसऱ्या दिवशी एकटा निघाला की पहिल्याच फाट्यावर तो थांबतो, कारण काल फाटे त्याला दिसलेच नव्हते. सोडवलेल्या उदाहरणात फाटे दिसत नाहीत. नव्या उदाहरणात फाट्यांशिवाय दुसरे काही नसते.

आता त्याच प्रकरणातले पुढचे उदाहरण घ्या. ९ हात उंचीच्या खांबाच्या पायथ्याशी सापाचे बीळ आहे आणि खांबावर मोर बसला आहे. खांबापासून २७ हातांवर असलेला साप बिळाकडे येत असताना मोराने त्याच्यावर तिरकी झेप घेतली. दोघे सारखेच अंतर गेले. तर बिळापासून किती हातांवर त्यांची गाठ पडली? वेळूचे उदाहरण नुकतेच ‘कळलेली’ मुले येथे अडतात. “बाई, यात काही मोडतच नाही,” असे एका मुलीने मला सांगितले होते. ती चुकीचे बोलत नव्हती. तिच्या मनात पहिल्या उदाहरणाची खूण ‘मोडलेला वेळू’ अशी नोंदली गेली होती आणि त्या खुणेने ती नव्या उदाहरणात शोध घेत होती.

वास्तविक हे तेच उदाहरण आहे. सापाने चाललेले अंतर आणि मोराची झेप सारखी आहेत. म्हणून बिळापासून गाठीपर्यंतचे अंतर आणि मोराची झेप यांची बेरीज बरोबर २७. वेळूत उभा तुकडा आणि तिरका तुकडा मिळून ३२ होते, येथे आडवी बाजू आणि तिरकी झेप मिळून २७ आहे. तेथे उरलेली बाजू १६ होती, येथे ती खांबाची ९. ९ चा वर्ग ८१, भागिले २७ म्हणजे ३. २७ वजा ३ म्हणजे २४, निम्मे १२. बिळापासून १२ हातांवर गाठ पडली आणि झेप १५ हातांची झाली.

तिसरे उदाहरण कमळाचे. तळ्यात कमळाची कळी पाण्यावर अर्धा हात वर आहे. वाऱ्याने ती हळूहळू कलत गेली आणि मूळ जागेपासून २ हातांवर पाण्यात बुडाली. पाण्याची खोली किती? येथे देठाची लांबी आणि पाण्याची खोली यांची बेरीज माहीत नाही. त्यांच्यातला फरक माहीत आहे, अर्धा हात. २ चा वर्ग ४, त्याला अर्ध्याने भागले की ८, आणि ही झाली बेरीज. बेरीज ८, फरक अर्धा. म्हणून खोली पावणेचार हात आणि देठ सव्वाचार हात.

या तिन्ही उदाहरणांसाठी भास्कराचार्यांनी वेगवेगळी सूत्रे दिली आहेत. वेळूच्या सूत्रात वेळू आहे, मोराच्या सूत्रात खांब आणि बीळ. केवळ पाठांतर करणाऱ्याला ती निरनिराळी सूत्रेच वाटतील. पण ग्रंथ येथे संपत नाही, त्याच्या पुढे टीकाकारांची परंपरा सुरू होते. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी इ. स. १५४५ च्या सुमारास ‘बुद्धिविलासिनी’ ही लीलावतीवरील टीका लिहिली. विदर्भातील दधिग्रामहून काशीत येऊन राहिलेल्या बल्लाळांच्या घराण्यात कृष्ण दैवज्ञ झाले. त्यांनी भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर टीका लिहिली. त्यांचे पुतणे मुनीश्वर यांनी याच नगरीत लीलावतीवर टीका रचली. पुढे एकोणिसाव्या शतकात पुण्यात जन्मलेल्या बापूदेव शास्त्रींनी येथील संस्कृत पाठशाळेत गणित शिकवले. या परंपरेत एका शब्दाला फार मान आहे, तो म्हणजे ‘उपपत्ती’. सूत्र सांगितले, उदाहरण सोडवले, उत्तरही जुळले; तरी ते तसे का, हे सांगितल्याशिवाय काम पुरे झाले असे हे टीकाकार मानत नाहीत. संस्कृतच्या अभ्यासिकेला यात नवल वाटले नाही, पण गणिताच्या शिक्षिकेला मात्र या एका शब्दाने पुष्कळ शिकवले.

तिन्ही उदाहरणांची उपपत्ती एकच आहे. २० हात बाजूचा एक चौरस कागद घ्या आणि त्याच्या एका कोपऱ्यातून १२ हात बाजूचा चौरस कापून काढा. उरतो तो काटकोनात वळलेला पट्टा, रुंदी सर्वत्र ८. हा पट्टा कोपऱ्यापाशी कापून दोन्ही तुकडे एकापुढे एक ठेवले की २० आणि १२ मिळून ३२ लांबीचा आणि ८ रुंदीचा आयत होतो. म्हणजेच मोठ्या चौरसातून लहान चौरस वजा केल्यावर जे उरते ते दोन्ही बाजूंची बेरीज गुणिले त्यांच्यातला फरक. आणि काटकोन त्रिकोणात तेच तिसऱ्या बाजूच्या वर्गाइतके असते : ३२ × ८ = २५६ = १६ × १६. एवढे डोळ्यांसमोर आले की ‘भागायचे का’ याचे उत्तर मिळते. बेरीज दिली असेल तर भागून फरक मिळतो, फरक दिला असेल तर भागून बेरीज मिळते. बेरीज आणि फरक हाती आले की दोन्ही बाजू काढणे चौथीतल्या मुलालाही जमते. वेळू, मोर, कमळ यांतले आता काहीच लक्षात ठेवावे लागत नाही. प्रश्न एकच राहतो : तिरक्या बाजूची आणि दुसऱ्या एका बाजूची बेरीज किंवा फरक येथे कुठे लपला आहे?

‘लपला आहे’ असे मी मुद्दाम म्हणते. याच प्रकरणातले दोन वानरांचे उदाहरण पाहा. झाड १०० हात उंच आणि तळे झाडापासून २०० हातांवर. एक वानर झाडावरून उतरून तळ्याकडे चालत गेला. दुसऱ्याने शेंड्यावरून काही हात सरळ वर उडी घेतली आणि तेथून तिरका थेट तळ्यात उतरला. दोघांचे अंतर सारखेच झाले. उडी किती उंच? येथे कोणतीही बेरीज तयार दिलेली नाही. पण पहिला वानर ३०० हात गेला, तेव्हा दुसऱ्याची उडी आणि तिरकी वाट मिळूनही ३००. म्हणून तिरकी वाट म्हणजे ३०० वजा उडी. उभी बाजू म्हणजे १०० अधिक उडी. या दोहोंची बेरीज केली की उडी नाहीशी होते आणि उरतात ४००! आडवी बाजू २००, तिचा वर्ग ४०,०००, भागिले ४०० म्हणजे १००, हा फरक. उभी बाजू १५०, तिरकी वाट २५०, म्हणून उडी ५० हात. वानरांसाठीही लीलावतीत आणखी एक स्वतंत्र सूत्र आहे, पण ज्याला ‘बेरीज शोधायची’ हे कळले त्याला ते लागत नाही. ज्याला केवळ वेळूचे सूत्र पाठ आहे, त्याला मात्र त्या सूत्रात घालायला आकडाच सापडत नाही. ‘येते’ आणि ‘येत नाही’ यांची सीमारेषा मला याच उदाहरणात सर्वांत स्पष्ट दिसते.

हा दोष आपल्याच मुलांचा आहे असे कोणी समजू नये. मेरी गिक आणि कीथ होलिओक या मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये प्रौढ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. पोटातील गाठ किरणांनी नष्ट करायची आहे, पण किरण तीव्र असतील तर वाटेतील निरोगी भागही जळतो आणि सौम्य असतील तर गाठीला काही होत नाही, काय करावे? उत्तर असे, की अनेक दिशांनी सौम्य किरण सोडायचे आणि ते गाठीवर एकवटायचे. हे सहसा दहातल्या एखाद्यालाच सुचते. काही जणांना आधी एक गोष्ट वाचायला दिली होती : किल्ल्याकडे जाणाऱ्या सर्व रस्त्यांवर सुरुंग पेरलेले, मोठी फौज गेली तर ते उडणार, म्हणून सेनापती फौजेच्या लहान तुकड्या करून त्या निरनिराळ्या रस्त्यांनी एकाच वेळी किल्ल्यावर नेतो. गोष्ट समजायला सोपी, वाचून काही मिनिटेच झालेली; तरी आपण होऊन तिचा उपयोग करणारे सुमारे तीस टक्केच निघाले. ‘त्या गोष्टीचा काही उपयोग होतो का पाहा’ एवढेच सुचवल्यावर मात्र सुमारे पाऊणशे टक्क्यांना उत्तर सापडले. म्हणजे ज्ञान होते, पण हाक मारल्याशिवाय ते आले नाही. पाठ्यपुस्तकात ही हाक धड्याचे शीर्षक मारत असते. ‘पायथागोरसचा सिद्धांत’ या शीर्षकाखालच्या सरावसंचात कोणती रीत लावायची हा प्रश्नच उरत नाही, पेपरात मात्र शीर्षक नसते.

त्याच दोघांनी १९८३ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती आपल्या फार कामाची आहे. एकाऐवजी दोन निराळ्या गोष्टी दिल्या आणि त्यांच्यात सारखे काय हे लिहायला सांगितले, तर न सुचवताही उत्तर सापडणाऱ्यांचे प्रमाण वाढते. एका उदाहरणातून मुलाला वेळू दिसतो. दोन शेजारी ठेवली की वेळू गळून पडतो आणि रचना उरते. म्हणून मी वर्गात वेळू आणि मोर एकाच फळ्यावर, मध्ये रेघ मारून, शेजारी शेजारी सोडवते, आणि मुलांकडून जोड्या लावून घेते : तिरका तुकडा कोणाच्या जागी आहे? ३२ कोणाच्या जागी आहेत? १६ कोणाच्या? मुले पहिल्यांदा हमखास एक चूक करतात. वेळू उभा असतो म्हणून त्याची जोडी खांबाशी लावतात. ती चूक मी होऊ देते, कारण ती दुरुस्त करतानाच ‘उभे-आडवे महत्त्वाचे नाही, कोणत्या दोन बाजूंची बेरीज माहीत आहे ते महत्त्वाचे’ हे त्यांचे त्यांना सापडते.

याच्या उलट बाजूचीही तयारी हवी, म्हणजे दिसायला सारखी पण आतून निराळी उदाहरणे. कार्तिकात पंचगंगा घाटावर बांबूंच्या टोकाला आकाशदीप लागतात, ते आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यावरून मी एक उदाहरण केले. बांबूच्या शेंड्याला बांधलेला दोर जमिनीपर्यंत येऊन १ हात उरतो. तोच दोर ताणून धरला तर बुंध्यापासून ५ हातांवर जमिनीला टेकतो. बांबू किती उंच? बांबू दिसताच बरीच मुले वेळूची रीत लावतात : ५ चा वर्ग २५, भागिले १ म्हणजे २५, मग १ मधून २५ वजा करून निम्मे, उत्तर ऋण १२. उणे बारा हातांचा बांबू! काही जण तेथे थांबून विचार करतात. काही जण उणे चिन्ह हळूच पुसतात आणि ‘१२ हात’ लिहितात. आणि बांबू खरोखरच १२ हातांचा आहे, दोर १३ हातांचा. गुण मिळाले, पण समज मिळाली नाही. हे उदाहरण कमळाचे होते, येथे १ हा फरक आहे, हे त्या मुलाला कळलेलेच नाही. म्हणून पालकांना माझी विनंती आहे की उत्तर जुळले एवढ्यावर वही मिटू नका. “यातला १ हा बेरीज आहे की फरक?” एवढे विचारा.

घरी करण्यासारख्या आणखी दोन गोष्टी सांगते. पहिली, सोडवलेले उदाहरण वाचताना त्यावर कागद ठेवायचा आणि एकेक ओळ उघडायची. ओळ उघडण्यापूर्वी मुलाने सांगायचे : आता काय करणार आणि का. ‘का’चे उत्तर ‘पुस्तकात तसे आहे’ असे आले की फाटा सापडला, तेथेच थांबायचे. दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण आकडे बदलून द्यायचे, पण शेवटची पायरी रिकामी ठेवून. मग शेवटच्या दोन पायऱ्या रिकाम्या, आणि सर्वांत शेवटी पहिली. पहिली पायरी अखेरीस काढायची, कारण सर्वांत अवघड निर्णय तिथेच असतो.

दुसरी गोष्ट सरावाची. एकाच जातीची वीस उदाहरणे ओळीने सोडवली की हात बसतो, पण ओळख बसत नाही. दुसऱ्या उदाहरणापासून मूल निर्णय घेणे थांबवते. रोरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये घनाकृतींचे घनफळ शिकणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर हे तपासले. एका गटाने एकेका जातीचा सलग सराव केला, दुसऱ्याने मिसळलेला. सरावाच्या वेळी सलग गटाची ८९ टक्के उत्तरे बरोबर होती, मिसळलेल्या गटाची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलग गट २० टक्क्यांवर आला आणि मिसळलेला गट ६३ वर राहिला. पालकांनी यातले पहिले दोन आकडे विशेष लक्षात ठेवावेत. मिसळून सराव करणारे मूल त्या दिवशी अधिक चुकते, आणि आपण घाबरून पुन्हा सलग सरावाकडे वळतो. आमच्याकडे यासाठी शुक्रवारी ‘न सोडवण्याचा तास’ असतो. फळ्यावर आठ-दहा उदाहरणे लिहायची आणि एकही सोडवायचे नाही. फक्त प्रत्येकात काय दिले आहे, ते कोणत्या घराण्याचे आहे आणि कशावरून, एवढेच सांगायचे. गणित न करण्याचा तास मुलांना फार आवडतो, हे सांगायला हवेच.

एक मर्यादाही सांगते. ज्याला वर्ग आणि वर्गमूळच डळमळीत येते, त्याला पहिल्याच दिवशी मिसळलेली उदाहरणे दिली तर तो केवळ गोंधळतो. नवशिक्याला सोडवलेली उदाहरणे लागतातच, आणि एकापेक्षा अधिक लागतात. त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. शिवाय ही ओळख फार दूर उडी मारत नाही. वेळू-मोर जाणणारा मुलगा त्यामुळे व्याजाच्या गणितात आपोआप हुशार होत नाही. तेथे व्याजाचीच दोन उदाहरणे पुन्हा शेजारी ठेवावी लागतात.

जाता जाता लीलावतीतले आणखी एक वेळूचे उदाहरण देते, ते आज घरी मुलांना घाला. एक वेळू १५ हातांचा आणि दुसरा १० हातांचा, दोन्ही जमिनीवर उभे. प्रत्येकाच्या शेंड्यापासून दुसऱ्याच्या बुंध्यापर्यंत दोरी बांधली आहे. दोन्ही दोऱ्या जेथे एकमेकींना छेदतात ती जागा जमिनीपासून किती उंच? उत्तर ६ हात आहे, ते आधीच सांगून टाका. मुलाला विचारायचे ते एवढेच, की वेळू असूनही हे मोडलेल्या वेळूच्या घराण्यातले का नाही, आणि दोन वेळूंमधले अंतर भास्कराचार्यांनी दिलेले नसतानाही उत्तर कसे निघते.